सीमांत खर्च, सीमांत प्राप्ती: हा ‘सीमांत’ कुठला?

पाटीपेन्सिल: भाचीच्या अकरावीच्या पुस्तकात ‘सीमांत खर्च’ आणि ‘सीमांत प्राप्ती’ आहे. ही दोन्ही सारखी होतात तिथं उत्पादक उत्पादन वाढवायचं थांबवतो, असं वाक्य आहे. सीमांत म्हणजे शेवटचा का? आणि प्राप्ती असताना माणूस थांबेल कशाला?

दीडएकर: सीमांत मीच. एक हेक्टरच्या आत जमीन असली की सरकारी कागदावर सीमांत शेतकरी लिहितात. आमच्या बाजूला कोणी थांबत नाही, कांदा येतो तेवढा सोलापूरच्या बाजार समितीत नेतो.

बाजारपेठ: सोपं आहे. मार्जिनल म्हणजे मार्जिनचं. डझनामागे किती सुटतं, ती सीमांत प्राप्ती. मार्जिन संपलं की थांबायचं.

कोशातला किडा: नाही हो, तिथंच घोळ आहे. व्यापाऱ्याचं मार्जिन म्हणजे विक्री आणि खर्च यांतली फट. इथला सीमांत म्हणजे कडेचा, आत्ता आणखी जो माल काढायचा त्यापुरता. सीमांत शेतकऱ्यातही कडच आहे, पण ती जमिनीच्या आकाराची. मला ‘वाढीव खर्च’ आणि ‘वाढीव प्राप्ती’ जास्त आवडतं. प्राप्तीला ‘महसूल’ मात्र नको, लगेच तहसील कचेरी आठवते.

मागवाला: टॉवेलचा हिशेब सांगतो. आकडे सोपे केलेत, पण चाल खरी. रोज 40 डझन काढले तर 600 रुपये डझनानं जातात. 50 खपवायचे तर सगळ्यांनाच 580 लावावा लागतो, 60 ला 560, 70 ला 540. व्यापारी एकमेकांना भाव विचारतात, जुन्याला 600 आणि नव्याला 580 चालत नाही. शेडचं भाडं आणि हप्ता धरून रोजचे 3,000 ठरलेले. सूत, रंग, मजुरी 50 डझनापर्यंत डझनाला 400. पुढच्या दहाला 460 पडतात, कारण रात्री कामगार थांबवायचा तर जादा मजुरी. त्याच्या पुढच्या दहाला 530, तेव्हा जुना लूमही चालवावा लागतो आणि वेस्टेज वाढतं.

बाजारपेठ: मग 70 काढा की! भाव 540, खर्च 530. डझनामागे दहा सुटतात.

मागवाला: मीही तसंच केलं होतं, आणि महिनाअखेर गल्ला हलका निघाला. नव्या दहा डझनांचे 5,400 आले, पण आधीच्या 60 डझनांवर वीस-वीस रुपये सोडले, 1,200 गेले. खरे हातात वाढले 4,200. खर्च वाढला 5,300. रोज 1,100 चा खड्डा.

बाजारपेठ: पण एकूण खर्च भागिले 70 केलं तर डझनाला 470 येतो. मार्जिन 70 रुपये आहेच ना?

शिक्षिका: आहे, आणि म्हणूनच फसायला होतं. सरासरीत पहिल्या स्वस्त डझनांचा फायदा शेवटच्या महाग डझनांचा तोटा झाकतो. 50 वरून 60 ला जाताना प्राप्ती 29,000 वरून 33,600 झाली, म्हणजे 4,600 वाढली, आणि खर्चही नेमका 4,600 वाढला. नफा दोन्हीकडे 6,000. पुस्तकातलं वाक्य ते हेच. 40 वर थांबले असते तर नफा 5,000 होता, म्हणजे त्याआधी थांबणंही तोट्याचं. भाडं वाढलं तर नफा घटेल, पण थांबायची जागा हलत नाही, कारण 60 काढा की 70, भाडं तेवढंच. मात्र भाड्यानं सगळाच नफा खाल्ला तर धंदा ठेवायचा का, हा वेगळा प्रश्न.

दीडएकर: मग माझं काय चुकलं? मी गोणी वाढवल्या म्हणून भाव पडत नाही.

शिक्षिका: काहीच नाही. एकट्यानं भाव हलत नाही, म्हणून तुमची वाढीव प्राप्ती म्हणजे बाजारभावच. पण काढणी, गोणी आणि गाडीभाडं मिळून क्विंटलमागे भावापेक्षा जास्त लागलं तर?

दीडएकर: रानातच सोडतो. मागं एकदा नांगर फिरवला होता. बियाण्याचे पैसे तर तेव्हाच गेलेले.

शिक्षिका: झालं. तिथं तुम्ही थांबलात.

मागवाला: बाई, एक राहिलं. परगावच्या एका व्यापाऱ्याला रोज दहा डझन हवेत, वेगळ्या लेबलनं, 500 रुपये डझनानं. इथं 50 वर थांबून हे दहा त्याला दिले तर 5,000 येतात, खर्च 4,600. इथला भाव 580 तसाच.

शिक्षिका: 400 चा फायदा, इथल्या व्यापाऱ्यांना कळलं नाही तर.

कोशातला किडा: आणि कळलं तर वाढीव प्राप्ती कोणत्या भावानं मोजायची?

मागवाला: तेच तर. कळायला किती दिवस लागतील, त्यावर आहे. सोलापुरात दोनही पुरतात.

पाटीपेन्सिल: भाचीला ‘वाढीव’ सांगितलं. ती म्हणते, पेपरात ‘सीमांत’च लिहावं लागेल.