पेन्शन नाही, वर्षाला किती काढू?

जुनापंखा: वय 59. पेन्शन नाही. आजवरची पुंजी आमच्या वर्षाच्या खर्चाच्या 24 पट भरते. पुढच्या महिन्यापासून पगार बंद. दरवर्षी किती काढलं तर शेवटपर्यंत पुरेल? एक आकडा सांगा, प्रवचन नको.

बाळूकाका: सगळं मुदत ठेवीत टाका, व्याज खा, मुद्दलाला हात लावू नका. 9 वर्षं हेच करतोय, झोप शांत लागते.

सायली_त: काका, व्याज तेवढंच आणि खर्च वाढता, जुळतं कसं? महागाई 6 टक्के धरली तर 12 वर्षांत खर्च दुप्पट.

बाळूकाका: प्रवास बंद केला, जुळतं.

कुंपणावरचा: 4 टक्के काढा, जगन्मान्य नियम आहे. 24 पट म्हणजे जवळपास बसलंच.

आकडेमोड: कसला जगन्मान्य? विल्यम बेंगन यांनी 1994 मध्ये अमेरिकेतले जुने आकडे घेऊन 30 वर्षांसाठी मांडलेला हिशेब तो. जुनापंखा, 24 पटीत राहतं घर धरलंय का? बायकोचं वय? शेअर किती?

जुनापंखा: घर धरलंय, तीही मालमत्ताच ना? ते 6 पट. बायको 51. उरलेलं निम्मं शेअर फंडात, निम्मं ठेवीत.

आकडेमोड: म्हणजे खर्चायला 18 पटच. पूर्ण खर्च काढलात तर पहिल्याच वर्षी साडेपाच टक्के जातात, आणि पैसा पुरवायचाय बायकोच्या नव्वदीपर्यंत.

खरी भीती पहिल्या काही वर्षांची. शेअरमधले 9 पट बाजार 30 टक्के पडला की 6.3 होतात. गप्प बसलात तर भरून यायला 43 टक्के वाढ लागते. त्याच वर्षी त्यातून एक वर्षाचा खर्च काढलात तर उरतात 5.3, मग लागते 70 टक्के. म्हणून पडत्या वर्षी फक्त ठेवीतून खा, चढत्या वर्षी शेअर विकून ठेव पुन्हा भरा. सुरुवात साडेतीन टक्क्यांवर करा असं माझं मत. त्यात 63 टक्के खर्च भागेल.

कुंपणावरचा: आणि बाकीचे 37 उपाशी?

आकडेमोड: अर्धवेळ काम, नाहीतर काटकसर. घर लहान करणं हाही मार्ग आहे.

नवखा_34: माझं वय 34, मी दरमहा किती गुंतवू?

सायली_त: वेगळा धागा काढा हो. जुनापंखा, थोडी रक्कम विमा कंपनीच्या आजन्म वार्षिकीत घालता येईल. पण दोघांच्या हयातीची घ्या. एकट्याच्या नावावर दरमहा जास्त मिळतं म्हणून माझ्या मामांनी तशी घेतली, ते गेले आणि मामीचे पैसे थांबले.

बाळूकाका: त्यात मुद्दल अडकतं. ठेवच बरी.

जुनापंखा: बायकोला हे वाचून दाखवलं. ती म्हणते, मी अजून 9 वर्षं नोकरी करणार आहे ते लिहिलंस का? राहिलंच ते.

आकडेमोड: अहो!! तिच्या पगारात घरखर्चाचा किती भाग भागतो?

जुनापंखा: विचारून सांगतो. सध्या बोलत नाहीये.