कोरियन चॅटचे स्क्रीनशॉट मराठीत आणायचेत, पण कोण काय बोललं तेच लागत नाहीये. सल्ला हवाय

प्राजक्ता_लेखणी
माझी एक मैत्रीण ऑनलाइन चित्रकथा काढणाऱ्या कोरियन मुलींच्या काकाओटॉक ग्रुपमध्ये आहे, हिला धरून चौघी जणी. मागच्या आठवड्यात हिच्याकडून चुकून रूम सोडली गेली आणि जुनं सगळं बोलणं फोनवरून गेलं, त्यांनी दुसऱ्या दिवशी परत घेतलं पण मधल्या वेळात तिथे काहीतरी बिनसलंय आणि आता कोणी धड बोलत नाहीये. दोघींनी मिळून तिला ९ स्क्रीनशॉट पाठवलेत. तिला कोरियन जेमतेम वाचता येतं, मला अजिबात नाही, पण लिहायचं काम माझ्याकडे आलंय कारण मी भाषांतरं करते (इंग्रजीवरून).
अ‍ॅपमध्ये टाकून पाहिलं तर "नाही, कोणीही उत्तर का देत नाही", मग "झाले", मग "बहीण चिडली?" असं काहीतरी आलं. ग्रुपमध्ये कोणीच कोणाची बहीण नाहीये. आणि मध्येच नुसतं एक ㅋ आहे ते तर आलंच नाही. मला नुसता अर्थ नकोय, कोण कुणाला कुठल्या सुरात बोललं ते हवंय. कसं करता तुम्ही लोक?

टकटक
कॅमेरा ट्रान्सलेटवाली अ‍ॅप्स वापरा ना, ती चित्रावरच भाषांतर चिकटवतात त्यामुळे बबल जागच्या जागी राहतात, डावं उजवं कळतं. मी तसंच करतो, ९०% काम होतं. आणि बबलच्या शेजारी जो छोटा पिवळा आकडा असतो ना १, २ असा, तो किती जणांनी वाचलं त्याचा असतो, त्यावरून कोण ऑनलाइन होतं ते पण कळेल.

हिरवाकंदील
@टकटक डावं उजवं राहतं हे खरं, पण आकड्याचं उलटं आहे. काकाओमध्ये तो आकडा *न वाचलेल्यांचा* असतो, सगळ्यांनी वाचलं की तो नाहीसा होतो. आणि तो स्क्रीनशॉट घेतला त्या क्षणाचा असतो, मेसेज लिहिला तेव्हाचा नाही, म्हणून त्यावरून तेव्हा कोण हजर होतं असं काही काढता येत नाही.
प्राजक्ता, आधी एक सांगा. नऊही स्क्रीनशॉट एकाच फोनमधले आहेत का? तुम्ही दोघींनी पाठवले म्हणताय म्हणून विचारतोय.

प्राजक्ता_लेखणी
नाही. १ ते ५ एकीचे, ६ ते ९ दुसरीचे. वेळेप्रमाणे लावून घेतलेत मी. उजवीकडची सगळीकडे एकच धरलीये.

हिरवाकंदील
मग तिथेच गडबड आहे. उजवी बाजू म्हणजे कोणी ठरावीक व्यक्ती नाही, उजवी म्हणजे ज्याचा फोन तो. पाचव्यापर्यंत उजवीकडे एक मुलगी आणि सहाव्यापासून उजवीकडे दुसरीच, त्यामुळे तुमच्या कागदावर अर्धं भांडण उलट्या तोंडात गेलं असणार. नावांवरही विसंबू नका, काकाओमध्ये मित्राचं नाव आपल्या फोनपुरतं बदलता येतं, म्हणजे एकच बाई दोन फोनवर दोन नावांनी दिसू शकते. प्रोफाइलचा फोटो बघा, आणि दोन्ही फोनमध्ये आलेला एकतरी समान मेसेज शोधा. तो एका फोनवर उजवीकडे आणि दुसऱ्यावर डावीकडे असेल तर तो पहिल्या फोनवालीचा. तो सांधा पक्का झाल्याशिवाय एक ओळही भाषांतर करू नका.
शिवाय लागोपाठ मेसेज असले की नाव फक्त पहिल्याच्या वर येतं आणि वेळ शेवटच्याला. स्क्रीनशॉट मधूनच सुरू झाला असेल तर वरच्या बबलला नावच नसतं, तिथे अंदाजाने नाव घालू नका, प्रश्नचिन्ह ठेवा.

सांजवात
माझा अनुभव थोडा वेगळा आहे पण सांगते, माझे स्पॅनिश गेममधले टीममेट आहेत, त्यांचं jajaja म्हणजे आपलं हाहाहा, हे कळायलाच मला महिना लागला, मी ते "जजज" असं वाचून कोणाचं तरी नाव समजत होते. ब्राझीलवाले kkkk लिहितात. तर मी सगळीकडे सरळ 😂 टाकते, वाचणाऱ्याला लगेच कळतं. ㅋ पण तसंच असेल ना?

हिरवाकंदील
@सांजवात ㅋㅋㅋ हसणंच आहे, तुमचं बरोबर. पण किती ㅋ आहेत त्यावर सगळं असतं. चारपाच असले तर खरं हसू, दोन असले तर बोलणं मऊ करायला, आपण शेवटी "हं" लावतो तसं. एकटा ㅋ बऱ्याचदा थंड लागतो, कधी कुत्सितसुद्धा. तिन्हींच्या जागी 😂 टाकलं की तिघी सारख्याच हसल्या असं दिसतं. ㅠㅠ चं पण तेच, ते रडणारे डोळे आहेत पण 😭 पेक्षा खूप हळू, "अरेरे" इतपत. म्हणून मी ही चिन्हं मूळ तशीच ठेवतो आणि वर एकदाच लिहून टाकतो की हे काय आहे. मुळात इमोजी असेल तर इमोजी, स्टिकर असेल तर चौकटी कंसात [स्टिकर: तोंड फिरवून बसलेलं बदक] असं, त्याचा अर्थ न लावता. आणि चित्रातून मजकूर उचलणारी अ‍ॅप्स हेच आधी खातात, ㅠㅠ चं TT करतात, ㅋ गाळतात, वेळेच्या आधीचं 오후 वाक्यात घुसवतात. म्हणून उचललेला मजकूर चित्राशी डोळ्याने ताडून बघायचाच.

दत्ता_व
एवढा खटाटोप कशाला, चॅट एक्सपोर्ट करायला सांगा की. काकाओमधून टेक्स्ट फाइल निघते, प्रत्येक मेसेजला नाव आणि वेळ. प्रश्न मिटला.

प्राजक्ता_लेखणी
@दत्ता_व सुचलं नव्हतं हे. पण त्या दोघींनी निवडून ९ च पाठवलेत, पूर्ण फाइल मागितली तर त्यांचं बाकीचं खाजगी बोलणं पण येईल, मैत्रिणीला ते मागायचं नाहीये.

हिरवाकंदील
बरोबर आहे तिचं. आणि एक्सपोर्टमध्ये स्टिकरच्या जागी नुसता 이모티콘 हा शब्द येतो, कुठला स्टिकर ते कळत नाही, म्हणजे सूर शोधायला चित्रच लागतं. नावांचा घोळ मात्र खरंच मिटतो.

प्राजक्ता_लेखणी
हिरवाकंदील, सापडला सांधा! ५ व्या चित्रात शेवटी आणि ६ व्यात सुरुवातीला तोच मेसेज आहे, 됐어, वेळ १०:१६. पाचव्यात उजवीकडे, सहाव्यात डावीकडे. म्हणजे मी ६ पासून सगळं उलटं लिहिलं होतं. आता असं लावलंय, नावांऐवजी अक्षरं (मैत्रिणीने इथे टाकायला त्या दोघींना विचारलंय):

१. ज: 아니 왜 아무도 답이 없어ㅠㅠ
२. स: 미안ㅠㅠ 지금 봤어
३. ज: 됐어
४. स: 언니 삐졌어? ㅋㅋ
५. न: ㅋ
६. ज: 네 알겠습니다 그럼 저 혼자 할게요

अ‍ॅपने ३ ला "झाले" म्हटलंय म्हणून मी मैत्रिणीला सांगितलं होतं की बहुतेक पान पूर्ण झालं. चुकलं का?

हिरवाकंदील
हो, आणि सगळी गोष्ट तिथेच आहे. 됐어 चा शब्दशः अर्थ "झालं" हाच, काम झाल्यावर आनंदाने म्हणतात तेव्हा झालंच. पण समोरच्याने "सॉरी" म्हटल्यावर पुढचा मेसेज नुसता 됐어 आला, ना ㅋ ना ㅠ, तर ते आपलं "राहू दे" आहे. आपल्याकडे रुसलेलं माणूस हाच शब्द वापरतं त्यामुळे मराठीला इथे काही कमी पडत नाही.
पहिल्या ओळीतलं 아니 म्हणजे "नाही" नाही. वैतागून वाक्य सुरू करताना येतं ते, "अगं पण". ४ मधलं 언니 म्हणजे बाईने मोठ्या बाईला मारलेली हाक, सख्खी बहीण असायची गरज नाही, तिथे "ताई". मी असं करीन:

१. ज: अगं पण कुणीच उत्तर का देत नाहीये ㅠㅠ
२. स: सॉरी ㅠㅠ आत्ता बघितलं
३. ज: राहू दे
४. स: ताई रुसलीस का? ㅋㅋ
५. न: ㅋ
६. ज: बरं, समजलं. मग मी एकटीच करते.

आता सहावी ओळ. ज आधी एकेरीत बोलत होती आणि इथे एकदम पूर्ण आदरार्थी झालीये, 알겠습니다, 저, 할게요, तिन्ही. घरचं माणूस रागावून अचानक "तुम्ही" वर येतं ना, तसं. पण त्या वाक्यात "तू" किंवा "तुम्ही" हा शब्दच नाही, आणि मराठीत "मी करते" ला आदराचं वेगळं रूप नाही, त्यामुळे मराठी ओळीत तो बदल दिसायला जागाच उरत नाही. "तुम्ही बसा" वगैरे आपल्या मनाचं घालायचं नाही, तिने म्हटलेलं नाहीये ते. मी शेजारी टीप देतो: [इथून एकदम औपचारिक]. इंग्रजीवरून जाणारं कुठलंही भाषांतर हे गिळून टाकतं, कारण तिथे सगळंच यू.

सांजवात
बाप रे, म्हणजे न ने टाकलेला तो एकटा ㅋ लागला असणार तिला.

हिरवाकंदील
असेल, पण ते भाषांतरात लिहायचं नाही. न कदाचित नुसती घाईत असेल. मेसेजमध्ये आहे तेवढंच उतरवायचं, उरलेलं मैत्रीण ठरवेल, ती त्यांना ओळखते.

मुक्ता_न
थोडी कोरियन शिकलेय म्हणून बोलते, ४ मध्ये "रुसलीस" पटत नाही मला. मोठ्या मुलीला 언니 म्हणतेय म्हणजे आदर आहे, "ताई रुसलात का" पाहिजे.

हिरवाकंदील
삐졌어 एकेरीच आहे, आदरार्थी असतं तर 삐졌어요 झालं असतं. आणि आपल्याकडेही ताईला "तू" म्हणतातच की.

मुक्ता_न
सगळ्या घरांत नाही म्हणत. ज्यांच्यात ताईला "तुम्ही" असतं त्यांना ही स उद्धट वाटेल, जी ती नाहीये.

हिरवाकंदील
हे मान्य आहे. मी तरी "तू" च ठेवीन, नाहीतर ६ व्या ओळीतली उडी दिसणार कशी, चौथीत आधीच आदरार्थी आलं तर दोघी सारख्याच बोलल्यासारख्या वाटतील.

टकटक
आकड्याचं सांगितल्याबद्दल थँक्स, मी आजवर उलटंच धरत होतो. एक विचारू का, उत्तर म्हणून दिलेल्या मेसेजमध्ये जुना मेसेज वर लहान अक्षरात येतो तो पण लिहायचा का? माझं अ‍ॅप तो नवीन मेसेज म्हणून दुसऱ्यांदा देतं.

हिरवाकंदील
लिहायचा, पण वेगळा नंबर न देता. "७. न (३ ला उत्तर):" एवढं पुरतं. त्या लहान अक्षरांच्या वर ज्याला उत्तर दिलंय त्याचं नाव असतं, तेच बोलणाऱ्याचं नाव समजून घोटाळा होतो. आणि मेसेज पुसल्याची ओळ दिसली तर तीही ठेवा, [मेसेज पुसलेला] म्हणून. कोणीतरी काहीतरी मागे घेतलंय हेही बोलण्याचाच भाग आहे.

प्राजक्ता_लेखणी
नऊही झाले. ८ व्यात दोन ठिकाणी वरचं नाव कापलं गेलंय तिथे "?" ठेवलं. एक पुसलेला मेसेजही निघाला, ६ व्या ओळीनंतर लगेच. मैत्रिणीला पाठवलं तर ती आधी गप्पच बसली, मग म्हणाली ज एकटीच पान काढत बसली होती आणि मला वाटत होतं पान झालं म्हणून मी काही विचारलंच नाही. आता ज ला मेसेज करतेय. ताईला तू की तुम्ही ते अजून ठरत नाहीये माझं, मुक्ताचंही पटतंय, सध्या "तू" ठेवून खाली टीप टाकलीये.