मदत हवी आहे: पाचव्या पानावर भांडण मावत नाही

मंडळी, मालवणच्या रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी जाळं ओढून केलेल्या मासेमारीवर, २४ पानांचं कॉमिक लिहितोय. पान ५ वर सहा चौकटी आहेत. चौथीत आजा आणि नातू दोर ओढता ओढता भांडतात, तिथेच ४८ शब्द झालेत. चित्रकार मैत्रीण म्हणते, पंचविसाच्या वर गेलास तर माणसं संवादांच्या फुग्यांखाली बुडतील. शिवाय मी लिहिलंय, 'नातू दोर सोडतो आणि वळून चालू लागतो'. एका चौकटीत दोन हालचाली कशा काढू, हा तिचा सवालही रास्तच.

भांडण दोन चौकटींत तोडलं तर सात होतात आणि शेवटची पान ६ वर जाते. पण तिथे, पान उलटताच, जाळ्यात काय सापडलं ते दिसायला हवं! पहिल्या दोन चौकटी नुसत्या समुद्राच्या आहेत. त्या एकत्र करू, की आज्याचं मालवणी छाटू? (छाटायला हात धजत नाही.)