वेबिनारनंतर पाठवलेला ईमेल: आपले अनुभव लिहावेत

निळीशाई
आज एका वेबिनारच्या आयोजकांचा ईमेल आला. त्यात आभाराचे दोन परिच्छेद होते, वक्त्यांचा परिचय होता, निरनिराळी बटणे होती आणि रेकॉर्डिंगची लिंक अगदी तळाशी होती. तो वाचताना, संगणकातील माहितीच्या बॅकअपवर आम्ही घेतलेल्या एका वेबिनारची आठवण झाली. त्यानंतरचा ईमेल लिहिताना आमच्या ज्येष्ठ सहकारी बाईंनी आग्रह धरला होता की रेकॉर्डिंग, लक्षात ठेवण्याचे मुद्दे आणि पुढे करायची एकच गोष्ट, याखेरीज त्यात काहीही नको.

विषयाच्या ओळीत ‘सहभागाबद्दल धन्यवाद’ असे न लिहिता ‘रेकॉर्डिंग: बॅकअप खरोखर चालतो का, हे कसे तपासावे’ असे लिहिले. पहिल्याच वाक्यात लिंक दिली. मुद्द्यांचा माझा पहिला मसुदा ‘बॅकअपच्या प्रकारांवर चर्चा झाली’ अशा धर्तीचा होता. बाईंनी विचारले, “जो आला नाही, त्याला यातून काय कळेल?” मग मुद्दे असे झाले: महत्त्वाच्या माहितीच्या तीन प्रती असाव्यात, त्या दोन वेगळ्या साधनांवर असाव्यात आणि त्यांतली एक दुसऱ्या जागी असावी; सिंक म्हणजे बॅकअप नव्हे, कारण एका जागी पुसलेली फाइल दुसऱ्या जागीही पुसली जाते; आणि जो बॅकअप कधी परत उघडून पाहिलेला नाही, त्यावर विसंबू नये. प्रत्येक मुद्द्यापुढे रेकॉर्डिंगमधील त्या जागेची लिंक होती.

शेवटी एवढेच लिहिले: ‘आज आपल्या बॅकअपमधून कोणतीही एक फाइल परत मिळवून पाहा आणि या ईमेलला “मिळाली” किंवा “मिळाली नाही” असे उत्तर पाठवा.’ स्लाइड्स व्हिडिओखालच्या वर्णनात गेल्या, अभिप्रायाचा फॉर्म सत्र संपतानाच दाखवला होता आणि पुढच्या वेबिनारचे निमंत्रण वेगळे पाठवले. ज्यांना फाइल मिळाली नाही, त्यांच्यापैकी अनेकांच्या बॅकअपमध्ये डेस्कटॉपवरचे फोल्डर निवडलेलेच नव्हते. ही गोष्ट सत्रात कोणी विचारलीही नव्हती, ती या उत्तरांतून कळली.

आपण असा ईमेल पाठवला असेल किंवा आपल्याला आला असेल, तर अनुभव जरूर लिहावा.

कोरापान
आमच्याकडे दर वेळी रेकॉर्डिंग तयार होण्याची वाट पाहण्यावरून अडते. झूमवर क्लाउड रेकॉर्डिंग तयार व्हायला साधारणपणे सत्राच्या दुप्पट वेळ लागतो आणि गर्दी असेल तर 24 तासांपर्यंतही जातात. त्यामुळे संध्याकाळचे सत्र असेल तर ईमेल दुसऱ्या दिवशी सकाळी जातो. मुद्दे मात्र मी सत्र चालू असतानाच लिहून ठेवते, कारण दुसऱ्या दिवशी स्लाइड्स पाहून लिहिलेल्या मुद्द्यांत वक्ता प्रत्यक्ष काय बोलला हे राहून जाते.

पाऊलवाट
आम्ही एक ईमेल आदल्या दिवशी आणि एक तासभर आधी पाठवतो. त्याने उपस्थिती नक्कीच वाढते. विषयाच्या ओळीत वेळ लिहावी.

निळीशाई
पाऊलवाट, तो सत्राआधीच्या आठवणीचा ईमेल झाला. हा धागा सत्र झाल्यानंतरच्या ईमेलविषयी आहे. त्यासंबंधी आपला काही अनुभव असेल तर वाचायला आवडेल.

दीपस्तंभ
उत्तर मागण्याची पद्धत मला अवघड वाटते, कारण इतकी उत्तरे वाचणार कोण? ईमेल किती जणांनी उघडला हा आकडा आपोआप मिळतो आणि ईमेल चांगला झाला की नाही हे त्यावरून समजते. आमचे प्रमाण गेली काही वर्षे सतत वाढते आहे.

तिसरीघंटा
दीपस्तंभ, पूर्वी हे बऱ्याच अंशी खरे होते. 2021 मध्ये आयओएस 15 आल्यापासून ॲपलच्या मेल ॲपमध्ये गोपनीयतेची सोय चालू असेल, तर ईमेलमधील चित्रे वाचकाने तो उघडण्याआधीच उतरवून घेतली जातात आणि तुमच्या यादीत ‘उघडला’ अशी नोंद होते. आपले वाढते प्रमाण काही अंशी त्यामुळे असू शकेल. क्लिकही सरसकट भरवशाचे नाहीत, कारण अनेक कार्यालयांतील सुरक्षा यंत्रणा ईमेल पोचताच त्यातील प्रत्येक लिंक उघडून तपासते. ईमेल पोचल्याबरोबर एकाच व्यक्तीकडून सगळ्या लिंकवर क्लिक झालेले दिसले, तर ते माणसाचे नव्हेत असे समजावे. माणसाने लिहिलेले एका शब्दाचे उत्तर त्याहून खात्रीचे असते. उत्तरे वाचण्याचा भार पडतो हे आपले म्हणणे बरोबर आहे, पण निदान उत्तर जिथे पोचते तो पत्ता कोणी तरी उघडत असला पाहिजे.

वेळेच्या लिंकबद्दल एक सावधगिरी सांगतो. एका सत्रात 42:10 वर महत्त्वाचे प्रात्यक्षिक होते आणि यूट्यूबच्या लिंकला त्याप्रमाणे पुढील शेपूट जोडले होते:

```
?t=2530
```

नंतर कोणी तरी सुरुवातीची साडेसहा मिनिटांची प्रतीक्षा कापली, तेव्हा तेच प्रात्यक्षिक 35:40 वर, म्हणजे `?t=2140` वर आले आणि ईमेलमधील प्रत्येक लिंक वाचकाला भलत्याच जागी नेऊ लागली. म्हणून आधी काटछाट पूर्ण करावी, मग वेळा लिहाव्यात आणि पाठवण्याआधी प्रत्येक लिंक फोनवर उघडून पाहावी.

सांजवेळ
मी आयोजक नाही, ऐकणारी आहे, आणि मला कमी ऐकू येते. आपोआप तयार झालेल्या सबटायटल्समध्ये नेमके तांत्रिक शब्द चुकतात, त्यामुळे माझ्यासाठी लिहून पाठवलेले मुद्दे हाच सत्राचा मुख्य भाग असतो. ‘अधिक माहितीसाठी रेकॉर्डिंग पाहा’ एवढेच लिहिलेले असले की माझ्या हाती काहीच लागत नाही. निळीशाई यांनी दिलेले मुद्दे मात्र व्हिडिओ न पाहताही मला पूर्ण समजले.

कोरापान
सांजवेळताई, हे लिहिलेत ते फार बरे झाले. मुद्दा व्हिडिओविना कळतो का, हे मी यापुढे प्रत्येक ओळीला विचारून पाहीन.

शब्दसखा
नोंदणी करूनही जे आले नाहीत, त्यांचे काय करता? एका सत्राला मला जाता आले नव्हते, तरी ‘आपल्या उत्साही सहभागाबद्दल आभार’ असा ईमेल आला आणि वाईट वाटले.

तिसरीघंटा
मी दोन मसुदे करतो. मुद्दे तेच असतात. फक्त पहिले वाक्य आणि पुढची पायरी बदलते, कारण न आलेल्याला आधी रेकॉर्डिंगमधील एखादा महत्त्वाचा छोटा भाग पाहायला सांगणे योग्य ठरते. याद्या वेगळ्या करताना एक पाहावे: ज्याचे इंटरनेट मध्येच तुटले, त्याच्या झूमच्या उपस्थिती अहवालात दोन-तीन ओळी असतात. त्या एकत्र केल्या नाहीत, तर त्याला एकच ईमेल दोनदा जातो.

निळीशाई
आम्ही सर्वांना एकच ईमेल पाठवला आणि उपस्थितीचा उल्लेखच टाळला. नोंदणी थोडी असेल तेव्हा दोन मसुद्यांचे श्रम सार्थकी लागतात का, याविषयी माझे मत अजून बनलेले नाही.

पाऊलवाट
सत्रानंतरचा अनुभव आता आठवला. मला आलेली लिंक उघडल्यावर परवानगी मागत होती. मी विनंती पाठवली, पण कोणीच उत्तर दिले नाही.

कोरापान
ड्राइव्हवरची फाइल फक्त संस्थेतल्या लोकांना खुली असली की असे होते. पाठवणाऱ्याच्या खात्यातून ती नीट उघडते, म्हणून त्याला कळत नाही. खासगी विंडोमध्ये, लॉगिन न करता उघडून पाहिली तर लगेच समजते. पासकोड असेल तर तोही लिंकच्या शेजारीच लिहावा, आणि रेकॉर्डिंग ठरावीक दिवसांनी आपोआप पुसले जाण्याची व्यवस्था असेल तर ती तारीखही.