अनुभव सांगा: माल न्हावा शेव्याला अडकल्यावर कस्टम ब्रोकरला नेमकं काय विचारलंत?

उद्यमबागचा फाउंड्रीवाला
बेळगावात परदेशातून मशीन, सुटे भाग मागवणारे बरेच आहेत. माल अडकला की आपण फोन करतो, "साहेब, काय झालं?" उत्तर येतं, "प्रोसेसमध्ये आहे." माझे अकरा दिवस असेच गेले. तुमचे अनुभव लिहा. माझा आधी सांगतो.

जपानहून जुनं व्हर्टिकल मशीनिंग सेंटर घेतलं होतं. सगळे कागद ब्रोकरच्या ऑफिसला वॉट्सॲपवर दिले होते, म्हणून मी निर्धास्त. शेवटी कस्टमच्या आइसगेट वेबसाइटवर न्हावा शेव्याचा कोड INNSA1, आयातीच्या बिल ऑफ एन्ट्रीचा नंबर आणि तारीख घालून मीच स्थिती बघितली. कस्टम अधिकाऱ्याची क्वेरी आलेली होती आणि तिला उत्तरच गेलं नव्हतं. मग फोन सोडून हे लिहून पाठवलं:

"साहेब, नमस्कार. सोबत बिल ऑफ एन्ट्रीचा नंबर आणि तारीख. क्वेरीचा मजकूर जसाच्या तसा पाठवा. ती कधी आली आणि उत्तर कधी देणार, तेही कळवा. मी दिलेले कागद: इन्व्हॉइस 3 पानं, पॅकिंग लिस्ट 2, बिल ऑफ लेडिंग 1, विमा 1, मशीनचा कॅटलॉग 6, चार्टर्ड इंजिनिअरचं प्रमाणपत्र 2. यातल्या प्रत्येकाचा ई-संचितचा आयआरएन नंबर द्या. ज्याचा नाही, तो आज अपलोड करावा ही विनंती."

तासाभरात उत्तर आलं. प्रमाणपत्राचं पहिलंच पान चढलं होतं. मशीन कुठल्या साली बनलं आणि सीरियल नंबर काय, हे दुसऱ्या पानावर होतं, आणि अधिकाऱ्यानं नेमकं तेच विचारलं होतं. पानांची संख्या लिहिली म्हणूनच ती चूक सापडली.

शहापूर
एवढं लिहीत बसण्यापेक्षा सरळ मुंबई गाठा आणि अप्रेझरला भेटा. आमच्या वडिलांनी कायम असंच सोडवलं. समोर माणूस उभा राहिला की काम होतं.

खानापूरची, पूर्वी ब्रोकरच्या ऑफिसात
शहापूरचे दादा, वडिलांच्या काळात ते बरोबर होतं. 2020 पासून असेसमेंट फेसलेस झालंय. माल न्हावा शेव्यात असला तरी कागद तपासणारा अधिकारी दुसऱ्याच शहरात असू शकतो. तो कोण, हे आपल्याला कळत नाही. मात्र माल उघडून तपासायचा असेल तर ते बंदरातच होतं आणि तिथे ब्रोकरचा माणूस हजर लागतो. म्हणून पहिला प्रश्न हा विचारा: असेसमेंटला अडकलंय, ड्युटी भरायची राहिलीय, की तपासणी राहिलीय? तिन्हीची औषधं वेगळी.

फाउंड्रीवाल्यांनी आयआरएन, म्हणजे अपलोड झालेल्या कागदाला मिळणारा नंबर, मागितला ते फार बरं केलं. "कागद दिले" म्हणजे ते ब्रोकरच्या फोनमध्ये आले, इतकंच. कस्टमच्या ई-संचित प्रणालीवर चढून बिल ऑफ एन्ट्रीला जोडले गेले तरच अधिकाऱ्याला दिसतात. आमच्या ऑफिसात दिवसाला शेकडो पीडीएफ यायच्या, सगळ्यांची नावं "स्कॅन 1", "स्कॅन 2". म्हणून फाइलच्या नावातच कागदाचं नाव आणि इन्व्हॉइस नंबर घाला. आणि दुरुस्त केलेला कागद पाठवताना "हा जुन्याच्या जागी" असं स्पष्ट लिहा, नाहीतर दोन्ही चढतात आणि नवी क्वेरी येते.

निपाणी
आमचं तंबाखूचं कन्साइनमेंट गेल्या महिन्यात असंच थांबलं होतं. शिपिंग बिलावर वजन चुकलं होतं. ब्रोकरनं दुरुस्ती करून दिली. तुम्ही पण वजन बघा की.

खानापूरची
काका, तुमची निर्यात. आयातीचं बिल वेगळं, वाटही वेगळी. पण पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंगवरचं वजन जुळवून बघा, हे मात्र दोन्हीकडे लागू.

हिंडलगा, हायड्रॉलिक्स
माझ्याकडे कस्टमची शेवटची मंजुरी, आउट ऑफ चार्ज, मिळाली होती, तरी कंटेनर हलेना. मी ब्रोकरवर ओरडत राहिलो. खरं कारण शिपिंग लाइनची डिलिव्हरी ऑर्डर. पुरवठादारानं मूळ बिल ऑफ लेडिंग सरेंडरच केलं नव्हतं, म्हणून लाइन ऑर्डर देईना. कस्टमचं काम संपलेलं. आता यादीत मी लिहितो: "बिल ऑफ लेडिंग: मूळ की सरेंडर, आणि लाइनकडून खात्री झाली का?"

उद्यमबागचा फाउंड्रीवाला
हे माझ्या यादीत नव्हतं, घालतो.

एक प्रश्न अजून मिटलेला नाही. दुसरं पान राहिलं त्यात जे दिवस गेले, त्यांचं कंटेनर ठेवलेल्या सीएफएसचं भाडं आणि कंटेनर उशिरा परत गेल्याबद्दल शिपिंग लाइनचं डिटेन्शन दोन्ही माझ्या बिलात लागलंय. ब्रोकर म्हणतो, पान धूसर होतं. माझ्याकडे पाठवल्याची तारीख आणि ते पान आहे, नीट वाचता येतं. कोणी असा खर्च ब्रोकरकडून परत मिळवलाय का? कसा मागितलात?

हिंडलगा, हायड्रॉलिक्स
मला त्याच्या एजन्सी चार्जमधून थोडं कापून मिळालं, पूर्ण नाही. आधी काही लिहून ठेवलं नव्हतं ना.

खानापूरची
तुमचा तो मेसेज क्वेरीच्या आधी गेला होता की नंतर? त्यावर बरंच अवलंबून आहे.

उद्यमबागचा फाउंड्रीवाला
कागद आधी, मेसेज नंतर.