मदत हवी आहे: स्मिथ प्रेडिक्टर लावल्यावर जीएसएम हेलकावे खातंय

वेट_एंड: क्राफ्ट पेपर मशीन आहे. स्टॉक व्हॉल्व्हवरून जीएसएम कंट्रोल करतो, डेड टाइम ४५ सेकंद, म्हणून पीएलसीत स्मिथ प्रेडिक्टर टाकला. १२० जीएसएमला झकास चालतो आणि १८० घेतलं की हेलकावे वाढतच जातात, ऑपरेटर मॅन्युअलवर टाकून मोकळा. लवकर सांगा, उद्या परत १८० आहे.

जुनाखेळाडू: मशीनचा स्पीड किती? दोन्हीला तोच?

पीआयडीवाला: स्मिथ काढून टाका. साधा पीआय, गेन कमी, आमच्याकडे आठ वर्षं चाललाय.

वेट_एंड: १२० ला ३००, १८० ला २०० मीटर/मिनिट. ते सांगायचं राहिलं. गेज एका जागी उभा, स्कॅन करत नाही. लूप १० सेकंदाचा ट्यून केलाय.

जुनाखेळाडू: मग दुखणं तिथेच आहे. ४५ पैकी पाइपातले किती?

वेट_एंड: साधारण १५. उरलेले ३० कागद गेजपर्यंत यायला.

जुनाखेळाडू: म्हणजे कागदाची वाट १५० मीटर. २०० ला तेच अंतर ४५ सेकंद घेणार, अधिक १५, एकूण ६०. मॉडेल अजून ४५ च धरून बसलंय. व्हॉल्व्ह हलला की मॉडेल ४५ व्या सेकंदाला म्हणतं फरक दिसायला हवा, खरा फरक १५ सेकंद उशिरा येतो, मधल्या वेळात कंट्रोलर ती चूक बाहेरून आलेली समजून व्हॉल्व्ह अजून हलवतो.

सोपंकरा: मग डेड टाइम सरळ ८० भरा, जास्त असला की सेफच.

जुनाखेळाडू: नाही हो, जास्त धरला तरी मॉडेल आणि कागद जुळत नाहीत, चूक फक्त उलट्या बाजूने येते. शिवाय गेनही बदललाय. तेवढाच स्टॉक कमी स्पीडवर जास्त जाड बसतो, तेव्हा व्हॉल्व्हच्या १ टक्क्याचा परिणाम १२० च्या दीडपट. दोन्ही चुका एकत्र आल्या की १० सेकंदाचा लूप टिकत नाही. डेड टाइम = १५ + १५०/स्पीड (स्पीड मीटर/सेकंदात), गेन स्पीडच्या उलट प्रमाणात, दोन्ही चालू मोजमापावरून घ्या. उद्यापुरता लूप ३० सेकंदाचा करा, हळू होईल पण मॉडेल चुकलं तरी सांभाळेल.

बॉयलरकाका: आमच्या ड्रम लेव्हलला लावता येईल का?

जुनाखेळाडू: लेव्हल स्वतः थांबत नाही, तिथे साधा स्मिथ लोड बदलला की कायमचा फरक सोडतो. वेगळा धागा काढा.

पीआयडीवाला: एवढं गणित करण्यापेक्षा व्हॉल्व्ह अडकतोय का ते बघा आधी.

जुनाखेळाडू: बघायलाच हवं. मॅन्युअलवर हेलकावे थांबले तर लूप किंवा व्हॉल्व्ह, नाही थांबले तर स्टॉकची कन्सिस्टन्सी. मॅन्युअलमध्ये काय होतं?

वेट_एंड: थांबतात. पण स्पीड बदलताना डिलेचा बफर लहानमोठा केला की आउटपुटला झटका बसतो, त्याचं काय करू?

सोपंकरा: स्पीड बदलताना लूप होल्डवर ठेवा.

जुनाखेळाडू: मी बफर सेकंदात न मोजता मीटरमध्ये मोजायचो, कागद पुढे सरकला तेवढा सरकवायचा. पाइपातले १५ सेकंद वेगळ्या बफरमध्ये. तुमचा पीएलसी कुठला?