ताटावर बसल्यावर तुमच्याकडे काय म्हणतात? अनुभव सांगा

मालवी_आजी (इंदूर): काल नात जेवायला होती. 'वदनी कवळ घेता' झालं आणि तिनं विचारलं, "आजी, यात उपाशी लोक कुठं आहेत?" एकदम सासूबाई आठवल्या. श्लोक संपला तरी त्यांचे हात जोडलेलेच असायचे आणि त्या हळूच म्हणायच्या, "आज ज्याची चूल पेटली नाही, त्यालाही दे रे देवा." इतक्या वर्षांत मी ते पार विसरले होते. रात्री या ओळी केल्या:

अन्न आलं ताटात, उपकार मातीचे,
पिकवणाऱ्या, रांधणाऱ्या साऱ्या हातांचे.
उपाशी जो निजला, त्याची आठवण राहो,
आमच्या घासातला घास त्याच्याकडे जावो.

लष्करचा_नातू (ग्वाल्हेर): आजोबा ताटाभोवती पाणी फिरवून उजवीकडे भाताची शितं ठेवायचे. ती उपाशी लोकांसाठीच ना?

दांडियाबाजार (वडोदरा): अर्धं बरोबर. त्या चित्राहुती. चित्र, चित्रगुप्त, यम, यमधर्म आणि शेवटची सर्व भूतांची. त्या शेवटच्या आहुतीत किडामुंगीही आली. पण तेवढ्यानं माणसाचं पोट भरत नाही. आई तांदूळ मापून घेतल्यावर, धुण्याआधी त्यातलीच एक मूठ डब्यात टाकायची. वरची नाही हं, त्याच मापातली, म्हणजे आमच्या वाट्याचं तेवढं कमी. महिन्याला सव्वा किलोच्या आसपास जमायचं, ते गल्लीतल्या एका म्हाताऱ्या बाईंकडे जायचं. आम्ही नुसतंच तोंडानं म्हणतोय का, हे डब्यावरून कळायचं. पावसाळ्यात मात्र जास्त साठवू नका, पोरकिडे होतात. पोरकिडे झालेलं धान्य कुणाला देऊ नये.

सुमेधा_इंदूर: आजी, नैवेद्य दाखवताना पाणी कोणत्या बाजूनं फिरवायचं?

मालवी_आजी: अगं, नैवेद्याचं नाही, आपल्या ताटाचं विचारतेय. पण आमच्याकडे उजवीकडून फिरवतात.

राजवाड्याजवळ: आमच्याकडे सासरे तीन श्लोक म्हणायचे. तोवर वरणावर साय धरायची, मुलं बोटं बुडवायची. आता एकच श्लोक, तोही वाढपी बसल्यावर. पूर्वी आई उभीच राहायची, तिच्याशिवाय म्हणून व्हायचं. ते मला आजही टोचतं.

लष्करचा_नातू: आमच्याकडेही आई शेवटी बसायची. कधी भाजी उरायची नाही. 😔

बाळंतीण_बडोदा: मला हे पटत नाही. माझा मुलगा पाच वर्षांचा. उपाशी म्हटलं की घास खाली ठेवतो, रडतो.

दांडियाबाजार: त्याच्या हातानं मूठ टाकायला लावून बघा. माझा पुतण्या त्यानं शांत झाला होता. सगळ्यांना लागू पडेलच असं नाही.

बाळंतीण_बडोदा: बघते. आज खिचडीच आहे. मूठ त्याची चिमुकली, पण तांदूळ मोजायला त्यालाच बसवते.

मालवी_आजी: लिहिशील नंतर. कुकर झाला, नात ताटं मांडतेय.